स्लॅबची तारीख हुकते ती तीन आठवडे आधीच

प्रश्न: जुळे सोलापूरला पार्किंग अधिक चार मजल्यांचं काम चालू आहे, मी साईट इंजिनिअर. ऑफिसात बार चार्ट लावलाय, पण प्रत्येक स्लॅब आठ-दहा दिवस लांबतोच. मीटिंगमध्ये सगळे मुकादम “होतंय की साहेब” म्हणतात आणि ऐनवेळी काहीतरी निघतं. तीन आठवड्यांचं पुढचं नियोजन आणि आठवड्याचे वायदे असं काहीतरी करतात म्हणे. लहान साईटवर ते प्रत्यक्षात कसं करायचं?

उत्तर:

बार चार्टवरून काम कधी व्हायला हवं ते कळतं. त्या दिवशी ते सुरू करता येईल का, हे त्यावरून कळत नाही. बऱ्याच साईटवर तीन आठवड्यांचा तक्ता म्हणून त्याच बार चार्टचा एक तुकडा मोठा करून भिंतीवर लावतात. त्यानं काहीच बदलत नाही, फक्त अक्षरं मोठी दिसतात. या तक्त्याचा उपयोग वेगळा आहे. पुढच्या तीन आठवड्यांत येणारं एकेक काम समोर घ्यायचं आणि विचारायचं, “हे आज सुरू करायचं ठरलं तर काय कमी आहे?” जे कमी असेल ते कामाचा दिवस उजाडायच्या आत कुणीतरी पुरं करायचं. ज्या कामाला काही कमी उरलं नाही, तेवढंच त्या आठवड्याच्या वायद्यात घ्यायचं.

ही पद्धत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोघांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत बसवली. आठवड्यात करू म्हणून सांगितलेल्या कामांपैकी निम्म्याच्या आसपासच कामं ठरल्याप्रमाणे पुरी होतात, असं त्यांना मोजताना दिसलं होतं. मोठ्या प्रकल्पांवर सहा आठवड्यांचा तक्ता ठेवतात. तुमच्या आकाराच्या इमारतीला तीन पुरतात, कारण सळई, खडी, भाड्याचं सामान हे सगळं गावात किंवा शेजारच्या जिल्ह्यात मिळतं. लिफ्ट, खिडक्या, महावितरणचं कनेक्शन यांना तीन आठवडे पुरणार नाहीत. त्यांची वेगळी यादी करा, ती या तक्त्यात घुसडू नका.

आता एकच स्लॅब घेऊन बघू. तारखा आणि आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा आज शनिवार, ३ जानेवारी. एका मजल्याचं क्षेत्र साधारण २३० चौरस मीटर, कॉलम २२, कॉलमचे बॉक्स ११. दुसरा स्लॅब २७ डिसेंबरला भरला. बार चार्टप्रमाणे तिसरा स्लॅब २० जानेवारीला भरायचा आहे. तक्त्यात तीन आठवडे येतात: ५ ते १०, १२ ते १७ आणि १९ ते २४. दर शनिवारी झालेला आठवडा खोडायचा आणि शेवटी नवा जोडायचा.

कॉलमचं काम सोपं आहे. अकराच बॉक्स असल्यामुळे दोन टप्पे पडतात, पहिला बुधवारी ७ तारखेला आणि दुसरा शनिवारी १० तारखेला. उभ्या बाजूचे बॉक्स १६ ते २४ तासांनी काढता येतात, म्हणजे गुरुवारी दुपारी सुटलेले बॉक्स शुक्रवारी पुढच्या अकरा कॉलमना लागतात. सळई साईटवर आहे, फिटरही आहे. कमी काय, असं विचारल्यावर एवढंच निघालं की ४० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक संपत आलेत. ते साईटवर ओतले तर पाण्यात मुरायला दिवस जातात, म्हणून तयार आणायचे ठरलं. कॉलम संपले.

खरी मेख सेंटरिंगला आहे. सेंटरिंगवाला म्हणतो, “बाराला चालू करतो की साहेब.” इथे पुष्कळ इंजिनिअर मान डोलावून पुढच्या कामाकडे जातात. तुम्ही थांबा आणि विचारा, “प्लेटा कुठल्या?” उत्तर येतं, “विजापूर रोडच्या साईटवरच्या.” तिथला स्लॅब भरला का? नाही, मंगळवारी ६ तारखेला भरायचाय. मग गणित सरळ आहे. आयएस ४५६ मध्ये साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी, हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तर, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू किमान १४ दिवस ठेवायला सांगितलंय. म्हणजे त्या साईटवरच्या प्लेटा १३ तारखेच्या आधी सुटत नाहीत, बीमबॉटम आणि त्याखालचे जॅक तर २० तारखेपर्यंत तिथेच राहणार. आपण बहुतेक मिश्र सिमेंट वापरतो आणि जानेवारीतल्या रात्री थंड असतात, त्यामुळे हे दिवस घटण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता.

त्यातच मध्ये संक्रांत. सिद्धेश्वरांच्या यात्रेचे नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा यात असलेली स्थानिक माणसं १३, १४, १५ ला कामावर येत नाहीत. कलबुर्गी, विजापूरकडची माणसंही सणाला गावी जातात. दरवर्षी जानेवारीत हेच होतं, आणि दरवर्षी बार चार्टमध्ये ते तीन दिवस कामाचे म्हणून धरलेले असतात.

आता “बाराला चालू करतो” चा खरा अर्थ मांडून बघा. १३ ला प्लेटा सुटल्या तरी यात्रेत ट्रॅक्टर भरायला माणूस नाही. १६ ला भरून १७ ला पोचल्या, तरी बीमबॉटम नाहीत. सेंटरिंगला खरा जोर १९ नंतर येणार, दहा-बारा माणसांच्या गँगला पाच-सहा दिवस लागणार, मग सळई, मग लाइटचे पाईप, मग तपासणी. स्लॅब ३० तारखेच्या पुढे. तुम्ही म्हणता ते दहा दिवस हेच. ते जातात जानेवारीच्या शेवटी, पण त्यांचं मूळ ३ तारखेला न विचारलेल्या त्या एका प्रश्नात असतं. आणि मीटिंगमध्ये त्याची नोंद होणार “सेंटरिंगवाल्यानं उशीर केला” अशी.

३ तारखेला कळलं तर रस्ता काढता येतो. तुमच्याच दुसऱ्या स्लॅबला १० जानेवारीला १४ दिवस पूर्ण होतात. आरसीसी कन्सल्टंटला विचारायचं की त्या प्लेटा काढल्या तर खाली काय ठेवायचं. वरचा ओला स्लॅब शेवटी याच स्लॅबवर टेकणार आहे, म्हणून हा निर्णय मुकादमाचा नाही, तुमचाही नाही. कन्सल्टंटचाच, आणि तो लेखी घ्यायचा. समजा त्यांनी सांगितलं की प्रत्येक पॅनेलच्या मधल्या ओळीतल्या प्लेटांच्या पट्ट्या जॅकसकट न हलवता तशाच ठेवा, बाकीच्या काढा. मग हिशोब असा बसतो की पाऊण मजल्याच्या प्लेटा घरच्या, उरलेल्या साधारण ६० चौरस मीटरच्या आणि सव्वाशेच्या आसपास जॅक भाड्याने. भाडं कुणी भरायचं यावर ठेकेदाराशी वाद होणारच. तो ३ तारखेला होऊ द्या. १६ तारखेला झाला तर वाद संपेपर्यंत गँग दुसरीकडे गेलेली असते.

तिसरी अडचण कागदाची. एका फ्लॅटच्या गिऱ्हाइकानं बाल्कनी आणि टॉयलेटची जागा बदलून मागितली आहे. आर्किटेक्टकडून बदल आलाय, आरसीसी ड्रॉइंग अजून जुनंच आहे. फिटरला बीमच्या सळईची तोडणी १६ तारखेला सुरू करायची आहे, आणि त्याआधी सळईची यादी काढून कमी पडणारा माल मागवायला चार-पाच दिवस हवेत. म्हणून ड्रॉइंग ९ तारखेला हातात पाहिजे. प्रत्येक अडचणीची शेवटची तारीख अशी कामाच्या तारखेपासून मागे मोजत काढायची. “ड्रॉइंग लवकरात लवकर” असं लिहिलं तर ते कुणाच्याच डोक्यावर बसत नाही.

एवढं झाल्यावर खरी तारीख दिसायला लागते. १२ ला सेंटरिंग सुरू, तीन दिवस यात्रेचे, १६ पासून पुन्हा काम आणि २१ ला सेंटरिंग पुरं. १९ पासून तयार झालेल्या अर्ध्या भागावर बीमची सळई, २२ ला स्लॅबची सळई आणि लाइटचे पाईप, २३ ला तपासणी, शनिवारी २४ ला स्लॅब. बार चार्टच्या २० पेक्षा चार दिवस उशीर. मालकाला हे ३ तारखेलाच सांगा. यात्रेचे तीन दिवस कुठल्याही तक्त्यानं परत येत नाहीत, पण ३० ची तारीख २४ वर आणता आली.

स्लॅबच्या दिवसाचीही अशीच उलटी मोजणी असते. साधारण ४४ घनमीटर काँक्रीट म्हणजे सहा घनमीटरच्या आठ गाड्या. प्लँटला १७ ला तारीख सांगायची आणि २२ ला पक्की करायची. तुमच्या रस्त्यावर जड वाहनांना वेळेचं बंधन असेल तर गाड्यांची वेळ त्याच्या आत बसवायची. पेट्रोलवर चालणारा एक जादा व्हायब्रेटर ठेवायचा, कारण वीज त्याच दिवशी जाते. आणि पाणी! महापालिकेचं पाणी सोलापुरात रोज येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. मिश्र सिमेंटच्या स्लॅबवर कमीत कमी दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा दिवस पाणी राहिलं पाहिजे. बोअरला तेवढं पाणी नसेल तर टँकर कोण बोलावणार आणि कुठल्या टाकीत भरणार, हेही अडचणींच्या यादीतच येतं. बोअरचं पाणी काँक्रीटमध्ये वापरणार असाल तर त्याची तपासणी आधी करून घ्या.

यादी लांबलचक करू नका. एका स्लॅबला खऱ्या अडचणी सात-आठच असतात. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहायच्या: काय हवं, कुठल्या तारखेपर्यंत, आणि एका माणसाचं नाव. “ऑफिस”, “कन्सल्टंटकडून”, “ठेकेदार” ही नावं नव्हेत. ऑफिसातून ड्रॉइंग आणायचं असेल तर ऑफिसातला कोण, ते लिहा. दर बुधवारी ही यादी फोनवर पाच-दहा मिनिटांत फिरवायची. शनिवारपर्यंत थांबलात तर सोमवारची गँग येऊन बसलेली असते.

आता वायद्यांकडे. वायदा घ्यायचा तो काम करणाऱ्या माणसाकडून, त्याच्या शेटकडून नाही. ठेकेदार दहा ठिकाणी हो म्हणतो, प्लेटा उचलणाऱ्या मुकादमालाच खरं माहीत असतं. आणि वायदा असा लिहायचा की झाला की नाही हे लांबून बघूनही सांगता यावं. “सेंटरिंग चालू” हा वायदा नाही. पहिल्या आठवड्याच्या बोर्डावर अशा ओळी हव्यात:

बुधवार ७, सकाळी ११ पर्यंत: १ ते ११ कॉलमचे बॉक्स ओळंब्यात, टेकू लावून तयार. (सेंटरिंग मुकादम)
बुधवार ७, संध्याकाळी: १ ते ११ कॉलम भरून पूर्ण. (काँक्रीट मुकादम)
शुक्रवार ९, दुपारी ४ पर्यंत: बदललेलं आरसीसी ड्रॉइंग साईटवर. (ऑफिसातल्या इंजिनिअरचं नाव)

शनिवारी प्रत्येक ओळीसमोर बरोबर किंवा फुली. अर्धी बरोबर नाही, “नव्वद टक्के झालं” नाही. काही जणांना हे कडक वाटतं. पण शेवटचा दहा टक्के म्हणजे बहुतेक वेळा तेच काम असतं ज्यासाठी पुढची गँग थांबलेली असते. अकरापैकी दहा बॉक्स लागले तर काँक्रीटवाल्याच्या दृष्टीनं टप्पा तयार नाही.

इथे सगळ्यात अवघड गोष्ट “नाही” ऐकून घेण्याची. मुकादम हो म्हणतात, कारण नाही म्हणाल्यावर काय होतं हे त्यांना पूर्वीच्या साईटवरून माहीत आहे. एखादा म्हणाला, “सोळाला जमायचं नाही, माझी माणसं सतराला येतील,” तर त्या ओळीत १७ लिहा आणि पुढे चला. त्याला सगळ्यांसमोर झापलंत, तर पुढच्या शनिवारी पुन्हा “होतंय की” सुरू होईल आणि बोर्डाचा उपयोग संपेल. माझ्या मते पहिल्या महिन्यात टक्केवारीपेक्षा हीच खूण बघायची: मीटिंगमध्ये कुणी नाही म्हणतंय का? सगळे वायदे तुम्हीच लिहून आणलेत आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, तर तो तुमचा हुकूम झाला. त्यांचा वायदा नाही.

वायद्यांच्या शेजारी थोडं राखीव काम लिहून ठेवा. काही कमी नाही असं, पण या आठवड्यात झालं नाही तरी कुणी अडणार नाही असं. तळमजल्याच्या ज्या भागातले टेकू निघालेत तिथलं ब्लॉकचं काम, प्लिंथमधला मुरूम भरून दाबणं, लाइटच्या पाईपसाठी भिंतीतल्या झिऱ्या. एखादं काम अडलं तर गँग तिकडे वळवता येते. नाहीतर मुकादम दुपारीच माणसं उचलून दुसऱ्या साईटवर नेतो आणि ती परत येतात चार दिवसांनी.

आठवडा संपल्यावर मोजणी. समजा ११ वायदे होते, ७ पाळले गेले, म्हणजे ६४ टक्के. सुरुवातीला हा आकडा वाईट नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चार फुल्या का पडल्या. एक, ड्रॉइंग ९ ला आलं नाही. दोन, पहिल्या टप्प्याचे बॉक्स गुरुवारऐवजी शुक्रवारी सुटले आणि दुसरा टप्पा सोमवारवर गेला. सेंटरिंग इमारतीच्या दुसऱ्या टोकापासून सुरू होणार असल्यामुळे यानं स्लॅब हलत नाही, पण फुली ती फुलीच. तीन आणि चार, ब्लॉकचं काम झालं नाही. कारण विचारलं तर, “गवंडी आले नाहीत.”

“लेबर नाही” हे कारण म्हणून लिहून घेऊ नका. ते सगळ्या कारणांचं शेवटचं टोक असतं. मागे जा. गवंडी का आले नाहीत? दुसऱ्या साईटवर गेले. का गेले? इथे मागच्या आठवड्याची खर्ची अर्धीच मिळाली. अर्धी का? मोजमाप ऑफिसात पोचलं नव्हतं. का? तुम्ही मोजमाप शनिवारी सकाळी घेता आणि हिशेबनीस पैसे शनिवारी दुपारी काढतो. इथवर आलात की उपाय समोर उभा राहतो: मोजमाप गुरुवारी संध्याकाळी, कागद शुक्रवारी ऑफिसात. गवंड्याला फोन करून ओरडल्यानं हे सुटलं नसतं. प्रत्येक फुलीचा एवढा पाठलाग करायला वेळ नसतो. आठवड्यातून एकच घ्या, जी दुसऱ्यांदा आली असेल ती.

टक्केवारी फसवतेही. सतत ९५-१०० येत असेल तर लोक सोपी कामं किंवा आधीच अर्धी झालेली कामं वायद्यात टाकतायत असं समजा. वरिष्ठांनी या आकड्यावर बक्षीस किंवा दंड ठेवला की हे हमखास होतं. म्हणून ठेकेदारांची टक्केवारी बोर्डावर शेजारी शेजारी लावू नका. दुसरी फसवणूक जास्त धोक्याची आहे: टक्केवारी चांगली, आणि स्लॅब तरी लांबतोय. याचा अर्थ वायदे पाळले जातायत, पण ते स्लॅबच्या वाटेवरचे नाहीत. प्लास्टर होतंय, झिऱ्या होतायत, सेंटरिंग मात्र वायद्यातच नाही, कारण त्याच्या अडचणी कुणी काढल्याच नाहीत.

हे ओळखायला तक्त्याचे जुने फोटो काढा. या आठवड्यात झालेली कामं तीन आठवड्यांपूर्वीच्या तक्त्यात होती का? त्यातली निम्मी अचानक उगवलेली असतील तर तुमचा तक्ता पुढे बघतच नाहीये. तसंच, अडचणी काढण्याच्या तारखांपैकी किती पाळल्या गेल्या तेही मोजा. साईटच्या टक्केवारीत मुकादम दिसतात. या आकड्यात ऑफिस, आर्किटेक्ट आणि मालक दिसतात. ड्रॉइंग ९ ऐवजी १४ ला आलं तर फुली फिटरच्या नावावर पडता कामा नये. मला विचाराल तर दोन्हींपैकी हाच आकडा जास्त बोलका, आणि ऑफिसात तो दाखवणं सगळ्यात नावडतं काम.

या पद्धतीनं काय होत नाही तेही ऐका. मालकाकडे पैसेच नसतील तर तक्ता फक्त ते तीन आठवडे आधी उघड करतो. पैसे आणत नाही. तरीही ती गोष्ट सळई उतरवायच्या दिवशी दुकानदाराच्या तोंडून कळण्यापेक्षा बरी. गिऱ्हाईक दर आठवड्याला फ्लॅटमध्ये बदल मागत असेल तर एक तारीख ठरवा, समजा त्या मजल्याचं सेंटरिंग सुरू व्हायच्या तीन आठवडे आधीची. त्यानंतर बदल नाही. ही तारीख मालकानंच गिऱ्हाइकाला सांगायला हवी, साईट इंजिनिअरला कुणी जुमानत नाही. आणि एकमजली बंगल्यावर, जिथे एकच ठेकेदार आणि एकच गँग आहे, तिथे बोर्ड-टक्केवारीची गरज नाही. अडचणींची यादी वहीच्या एका पानावर पुरते.

मीटिंग साईटवरच, उभ्यानं, बोर्डाजवळ घ्या, शनिवारी खर्ची वाटायच्या आधी. वाटल्यावर कुणी थांबत नाही. पाऊण तासाच्या वर जात असेल तर तुम्ही तिथे अडचणी सोडवत बसलाय. अडचण लिहा, नाव-तारीख घाला, सोडवायचं नंतर त्या दोघांनी मिळून. सोलापुरात फिटर तेलुगू बोलणारा, गवंडी कन्नड बोलणारा, सेंटरिंगवाला हिंदी बोलणारा अशी गाठ नेहमीची. म्हणून बोर्डावर मराठी वाक्यांवर भर देऊ नका. मजल्याचा नकाशा छापून लावा, प्रत्येक गँगचा एक रंग ठरवा आणि आठवड्याचा भाग त्या रंगानं रंगवून वर तारीख टाका. वायदा मुकादमाला त्याच्या भाषेत मोठ्यानं म्हणायला लावा. जवळ उभा असलेला दुसरा कुणीतरी लगेच सांगतो तो नेमकं काय बोलला. मग बोर्डाचा फोटो ग्रुपवर.

पहिल्या शनिवारी सगळ्यांना बोलावू नका. सेंटरिंगवाला, फिटर आणि लाइटवाला हे तिघे आणा आणि फक्त पुढच्या स्लॅबबद्दल बोला. गवंडी आणि प्लंबर दोन-तीन शनिवारांनी, बोर्ड भरायची सवय झाल्यावर. ठेकेदार स्वतः येत नसेल तर त्याच्या मुकादमाला तारीख ठरवायची मुभा त्याच्याकडून फोनवर सगळ्यांसमोर घ्या. ती मिळाली नाही, तर त्या गँगच्या ओळी त्या आठवड्यात कोऱ्या ठेवा आणि मालकाला तोच बोर्ड दाखवा.